कायद्याच्या आधी पोचणारी माणसे

कूळकायदा आला, कमाल जमीनधारणेचा कायदा आला, तो दुरुस्तही झाला; तरी भूमिहीनाच्या पदरात अपेक्षेइतकी जमीन का पडली नाही, हा प्रश्न आपल्या शिबिरांतून आणि अभ्यासवर्गांतून वारंवार विचारला जातो. त्याचे ठरलेले उत्तर असे, की कायदा चांगला होता, पण राबवणारे हात प्रस्थापितांचे होते. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. कारण पुष्कळ ठिकाणी कायदा राबवण्याची वेळ येण्यापूर्वीच त्यातला जीव निघून गेला होता, आणि तोही कायदा न मोडता. कायदा येणार हे ज्यांना कळत होते त्यांनी तो येण्याआधीच आपली व्यवस्था लावून घेतली होती. धोरणाची चाहूल लागलेली माणसे धोरणाची धार कशी बोथट करतात, याचा विचार अर्थशास्त्रात एका सिद्धान्ताच्या रूपाने झाला आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पाठ्यपुस्तकात हा सिद्धान्त अमेरिकेतल्या महागाईच्या संदर्भात दोन पानांत येतो आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात. मला मात्र वाटते, की तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. त्यातले खरे काय ते घेतले पाहिजे, आणि त्याच्या आडून जे सांगितले जाते ते तपासले पाहिजे.

या सिद्धान्ताला रॅशनल एक्सपेक्टेशन्स म्हणतात. आपण त्याला विवेकी अपेक्षांचा सिद्धान्त म्हणू. १९६१ साली जॉन म्यूथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तो प्रथम मांडला. तोपर्यंत अर्थशास्त्रज्ञ असे धरून चालत, की माणूस उद्याचा अंदाज कालच्यावरून बांधतो. गेल्या वर्षी कांद्याला भाव होता म्हणून शेतकरी यंदा कांदा लावतो. सगळेच लावतात, भाव कोसळतो. मग पुढच्या वर्षी कोणीच लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. म्यूथचा प्रश्न साधा होता. प्रत्येक वेळी त्याच दिशेने चुकणारा माणूस किती काळ चुकत राहील? ज्याचे पोट त्या अंदाजावर आहे, तो केवळ कालचा भाव पाहणार नाही. शेजारी काय लावतो आहे, पाऊस कसा आहे, सरकार काय करण्याच्या बेतात आहे, हे सगळे तो हिशेबात धरेल. येथे विवेकी याचा अर्थ नीतिमान असा नव्हे, किंवा कधीही न चुकणारा असाही नव्हे. हाताशी असलेली सगळी माहिती जो वापरतो, आणि म्हणून ज्याची चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला होते, पण ठरावीक एकाच बाजूला होत राहत नाही, तो विवेकी. एवढाच त्याचा अर्थ.

शासनाच्या धोरणाला हा विचार लावला रॉबर्ट लुकास, थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी, १९७० नंतरच्या काही वर्षांत. त्याची पार्श्वभूमी अशी. १९५८ साली ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनमधील १८६१ ते १९५७ या काळातील आकडे मांडून दाखवले, की बेकारी कमी असते तेव्हा मजुरीचे दर वेगाने वाढतात, आणि बेकारी वाढली की ती वाढ मंदावते. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की सरकारने थोडी महागाई सोसली तर तिच्या बदल्यात बेकारी कमी करता येईल. तराजूच्या एका पारड्यात महागाई, दुसऱ्यात बेकारी. सरकारने हवे ते निवडावे.

हा तराजू कशाच्या बळावर चालतो, ते एका हिशेबाने पाहू. समजा, एका गिरणीत मालक आणि कामगार यांच्यात वर्षाचा करार झाला. भाव स्थिर राहतील असे धरून रोजाचे शंभर रुपये ठरले. इतक्यात सरकारने बाजारात जास्त पैसा ओतला आणि भाव दहा टक्क्यांनी चढले. मालकाचे कापड दहा टक्के महाग विकले जाऊ लागले, पण मजुरी शंभरच राहिली. त्या शंभर रुपयांत आता जुन्या भावाने जेमतेम एक्याण्णव रुपयांचाच माल येतो. मालकाच्या दृष्टीने मजूर स्वस्त झाला, म्हणून त्याने आणखी माणसे घेतली आणि बेकारी घटली. सरकारचा हेतू साधला. पण तो कशामुळे साधला? कामगाराचा अंदाज चुकला म्हणून.

पुढच्या वर्षी करार होताना कामगार दहा टक्के महागाई धरून एकशेदहा मागेल. सरकारने पुन्हा भाव दहा टक्के चढू दिले, तर मालकाला काहीच स्वस्त पडणार नाही. जादा घेतलेली माणसे कमी होतील, बेकारी पूर्वीच्या जागी जाईल, आणि महागाई मात्र मागे उरेल. कामगार केवळ कालच्यावरून अंदाज बांधणारा असेल तर सरकार त्याला पुन्हा गाठू शकते. यंदा दहा, पुढे वीस, मग तीस, असे भाव चढवत राहायचे. पण सरकार दरवर्षी एक पाऊल पुढे टाकते हीच गोष्ट कामगाराने ओळखली तर? सार्जंट आणि वॉलेस यांनी १९७५ साली हेच दाखवले. सरकारच्या वागण्याचा नियम लोकांना समजला, तर त्या नियमाने होणारी कृती ते आधीच मजुरीत आणि भावात धरून टाकतात, आणि उत्पादनावर किंवा रोजगारावर तिचा परिणाम थोड्या काळापुरताही होत नाही. परिणाम होतो तो फक्त अनपेक्षित कृतीचा.

अमेरिकेतल्या घटनांनी या म्हणण्याला जोर दिला. १९६९ साली तेथे बेकारी साडेतीन टक्के होती आणि महागाई साडेपाच टक्क्यांच्या आसपास. १९७५ साली बेकारी साडेआठ टक्के झाली आणि महागाई नऊ टक्क्यांवर गेली. दोन्ही पारडी एकदमच जड झाली. त्यात तेलाच्या भाववाढीचाही वाटा होता. पण थोडी महागाई देऊन बेकारी घटवू, हा जुना भरवसा त्यानंतर टिकला नाही.

१९७६ साली लुकास यांनी यातून एक व्यापक इशारा दिला. जुन्या धोरणाच्या काळात लोक कसे वागले याचे आकडे घेऊन नव्या धोरणाचा परिणाम वर्तवता येत नाही, कारण धोरण बदलले की लोकांचे वागणेही बदलते. हा इशारा जमिनीच्या प्रश्नाला जसाच्या तसा लागू पडतो, आणि तेथे तो मजुरीच्या उदाहरणापेक्षा स्पष्ट दिसतो. जमिनीच्या बाबतीत कोणी कोणत्या तारखेला काय केले याची लेखी नोंद राहते, म्हणून आता आपण तिकडे वळू.

जमिनीवर कमाल मर्यादा असावी हे तत्त्व पहिल्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५० नंतर लगेचच मान्य झाले होते. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने त्या वर्षाअखेर सर्व राज्यांत असे कायदे पुरे करावेत असा ठराव केला. महाराष्ट्राचा कायदा १९६१ सालचा. तो अमलात आला २६ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे तत्त्व जाहीर झाल्यापासून कायद्याला दहा वर्षे लागली. ही दहा वर्षे मोठ्या जमीनदारासाठी लेखी पूर्वसूचनाच होती. कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणून त्यांनी कायद्यात मागची एक तारीख घातली, ४ ऑगस्ट १९५९. त्यानंतर कायदा टाळण्यासाठी केलेली खरेदीखते आणि वाटण्या हिशेबात धरायच्या नाहीत, असे ठरले. पण नागपूरचा ठराव जानेवारीचा आणि तारीख ऑगस्टची. मधले सात महिने, आणि त्याआधीची सगळी वर्षे, मोकळीच राहिली.

पुढे १९७२ च्या दुरुस्तीने मर्यादा खाली आणली. पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबाला बारमाही पाण्याची जमीन अठरा एकर, आणि कोरडवाहू चौपन्न एकर. या दुरुस्तीचा अंमल सुरू झाला २ ऑक्टोबर १९७५ रोजी. पण मागची तारीख धरली २६ सप्टेंबर १९७०. या दोन तारखांच्या दरम्यान झालेले हस्तांतर कायद्याच्या अपेक्षेने किंवा कायदा टाळण्यासाठीच झाले असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्यास ते ज्याने केले त्याने सिद्ध करावे, अशी तरतूद झाली. अर्थशास्त्रज्ञ ज्याला अपेक्षा म्हणतात ती गोष्ट आमच्या कायद्याने स्वतःच ओळखली होती आणि कलमात लिहूनही ठेवली होती.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका जमीनदाराच्या स्वतःच्या नावावर स्वकष्टार्जित अशी एकशेवीस एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि जुन्या कायद्याखाली त्याच्या भागात ती मर्यादेत बसते. नव्या मर्यादेने चौपन्न एकर त्याच्याकडे राहतील आणि सहासष्ट एकर अतिरिक्त ठरतील. त्याने १९७१ साली मेहुण्याला तेहतीस आणि पुतण्याला तेहतीस एकर विकल्याचे कागद केले, तर कायदा ती खरेदीखते बाजूला सारून सहासष्ट एकर मागू शकतो. पण हेच कागद त्याने १९६९ साली करून ठेवले असतील, आणि मेहुण्याची व पुतण्याची स्वतःची जमीन थोडी असेल, तर अतिरिक्त जमीन शून्य. जमीन तीच, नांगर तोच, धान्य जाते त्याच वाड्यात. फरक फक्त तारखेचा. आणि १९६९ साली हे कागद करायला त्या जमीनदाराला भविष्य कळण्याची गरज नव्हती. पहिल्या कायद्याच्या वेळी मागची तारीख धरली गेली होती हे त्याने पाहिलेच होते. पुढचा कायदा आला तर तोही मागच्या तारखेनेच येणार, तेव्हा बोलणी सुरू होण्याची वाट न पाहता आधीच मोकळे व्हावे, एवढे त्याला समजणे पुरे होते. सरकारच्या वागण्याचा नियम लोक शिकतात असे सार्जंट आणि वॉलेस म्हणतात, ते हेच.

लुकास यांचा इशाराही येथे दिसतो. कायद्याआधीच्या खातेफोडीचे आकडे घेऊन इतक्या एकरांवरची जमीन इतकी अतिरिक्त निघेल असा अंदाज बांधला, तर तो चुकायचाच. ती खाती ज्या काळी एकत्र होती त्या काळी ती फोडण्याचे कारणच नव्हते. कायद्याने ते कारण पुरवले.

अशी पळवाट आणि साधा व्यवहार यांत फरक कसा ओळखावा? कार्यकर्त्यांनी हे जरूर शिकून घ्यावे. तलाठ्याकडे फेरफाराची नोंदवही असते, म्हणजे गाव नमुना सहा. तिच्यात एखाद्या मोठ्या खात्यावरचे फेरफार तारखेवार मांडावेत. ते वर्षानुवर्षे विखुरलेले असतील तर तो बहुधा संसारातला नेहमीचा व्यवहार असतो. कायद्याच्या तारखेच्या आधी त्यांची गर्दी झालेली दिसली, घेणारे सगळे नात्यातले निघाले, आणि दुय्यम निबंधकाकडच्या सूचीत खरेदीची किंमत चालू भावाच्या मानाने फार कमी निघाली, तर संशयाला जागा आहे. शेवटची खूण सातबाराच्या खालच्या भागात सापडते. मालकाचे नाव वर बदलले, पण पिकाच्या नोंदीत जमीन कसणारा पूर्वीचाच राहिला, तर जमीन कागदावरच हलली असे समजावे. अर्थात त्या काळी पिकाची नोंदही तलाठीच करत असे, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. गावातल्या ज्यांनी त्या रानात मजुरी केली त्यांना विचारले पाहिजे.

येथवर मी सिद्धान्ताच्या बाजूने बोललो. आता त्याची मर्यादा. या सिद्धान्ताच्या मूळ मांडणीत असे गृहीत आहे, की ज्याला पुढचे कळले तो त्याप्रमाणे आपला भाव किंवा मजुरी बदलूही शकतो. कळणे आणि करू शकणे या दोन गोष्टी तेथे एकच झाल्या आहेत. आपल्या समाजात त्या एक नाहीत.

माझे वडील सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरे, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. आषाढ-श्रावणात ज्वारी महागते हे त्यांना पाडव्यालाच ठाऊक असे. त्यासाठी त्यांना अर्थशास्त्र शिकावे लागले नाही. म्हणून ते सालाचा काही भाग रोकड न घेता धान्यात मागत. मागणी अगदी विवेकी होती. पण पाडव्याला घरात उचल घेतल्याशिवाय चूल पेटणार नसेल, तर मालक म्हणेल तेच साल ठरते. अंदाज बरोबर असूनही त्याचा उपयोग होत नाही. कुळांचेही तसेच झाले. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि कसणाऱ्याला मालक ठरवणारा कृषिदिन १ एप्रिल १९५७ चा. मधल्या काळात काय झाले याची पाहणी दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली. १९५७ साली ती प्रसिद्ध झाली. मालकांनी कुळांकडून मोठ्या प्रमाणावर जमिनी काढून घेतल्याचे तिच्यात आढळले. कायदा येणार हे कुळालाही कळत होते. पण मालक कुळाकडून राजीनामा लिहून घेऊ शकत होता, आणि कूळ मालकाकडून काहीच लिहून घेऊ शकत नव्हते.

अमेरिकेतही हा सिद्धान्त याच जागी अडला. ऑक्टोबर १९७९ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडण्यासाठी पैशाचा पुरवठा आवळण्याचे धोरण जाहीर केले. सिद्धान्त काटेकोर खरा असता, तर जाहीर झालेल्या धोरणाने भाव आणि मजुरी आपोआप खाली आल्या असत्या आणि बेकारी फारशी वाढली नसती. महागाई खरोखरच उतरली. १९८० च्या आरंभी ती चौदा टक्क्यांच्या वर होती, १९८३ साली सुमारे तीन टक्के झाली. पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली होती, आणि काळ्या कामगारांत ती वीस टक्क्यांच्या वर गेली. कारणे दोन. सरकार यावेळी खरेच माघार घेणार नाही यावर लोकांचा चटकन विश्वास बसला नाही. आणि अनेक उद्योगांतले मजुरीचे करार तीन-तीन वर्षांचे होते, ते मध्येच बदलता येत नव्हते. आमच्या सालासारखेच ते बांधलेले होते. आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते समाजाच्या तळाशी असलेले होते.

बाबासाहेबांनी यातला गाभा फार पूर्वी ओळखला होता. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी दाखवले, की रुपयाची किंमत घसरते तेव्हा भाव आधी चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. निर्यातदाराला जो फायदा झालेला दिसतो तो मजुराच्या खिशातून आलेला असतो. म्हणून रुपये किती काढावेत हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर न सोडता त्याला पक्की मर्यादा घालावी, असे त्यांचे मत होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्धशतकानंतर नियमाच्या बाजूने बोलू लागले ते लोकांना फसवता येत नाही म्हणून. बाबासाहेब नियम मागत होते ते श्रमणारा फसवला जातो म्हणून. निष्कर्ष जवळचा असला तरी पाहण्याची जागा वेगळी आहे.

म्हणून, लोक सगळे आधीच ओळखतात, तेव्हा शासनाने रोजगारासाठी किंवा वाटपासाठी काही करू नये, असा अर्थ जे या सिद्धान्तातून काढतात त्यांच्याशी मी सहमत नाही. त्यातून निघते ते एवढेच, की जे धोरण कोणाच्या तरी बेसावधपणावर उभे आहे ते टिकत नाही. कमाल धारणेचा कायदा जमीनदाराच्या बेसावधपणावर उभा होता, आणि जमीनदार बेसावध नव्हता. असा कायदा करायचा तर घोषणा आणि अंमल यांत वर्षे जाता कामा नयेत.

पण असेही धोरण असते, की ते आधी कळल्याने अधिक धारदार होते. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितले तर काम मिळाले पाहिजे, हा त्याचा नियम. पाडव्याला साल ठरवायला बसलेल्या मजुराला हमीचे काम जवळ आहे अशी खात्री असेल, तर त्या कामावर एक दिवसही न जाता तो मालकाला नाही म्हणू शकतो. आणि मजूर नाही म्हणू शकतो हे मालकालाही कळत असेल, तर सालाची बोलीच वरून सुरू होते. येथे अपेक्षा मजुराच्या बाजूने काम करते. मात्र ती खात्रीची अपेक्षा असली पाहिजे. मागणीचा अर्ज घेऊन पोच न देणारा एक कारकून, किंवा महिनोन्महिने रखडलेली मजुरी, एवढ्यानेही ती मोडते. मजूरही विवेकीच असतो, आणि मिळणार नाही असे कळले की तो मागायला जात नाही.

तेव्हा नवा कायदा किंवा नवी योजना जाहीर झाली, की आपण तीन गोष्टी तपासाव्यात. ती येणार हे कोणाला आधी कळले आहे? कळल्यावर काही हलवण्याची ताकद त्यांच्यापैकी कोणाजवळ आहे? आणि जाहीर होण्याची तारीख व लागू होण्याची तारीख यांत किती अंतर आहे? हे अंतर मोठे असेल, तर मोर्चा कायदा झाल्यानंतर काढण्यात अर्थ नाही. फेरफाराच्या नोंदी त्याच महिन्यात पाहायला लागले पाहिजे.